पेरणीपासून काढणीपर्यंत : ज्वारीच्या तक्त्याची प्रस्तावना

शाळेच्या भिंतीवर लावायचा हा तक्ता एकाच पिकाचा आहे आणि एकाच भागाचा आहे. पीक रब्बी ज्वारी, म्हणजे शाळू. भाग सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या आसपासचे काळे रान. सगळ्या पिकांचा मिळून एक मोठा तक्ता करावा, असे सुरुवातीला अनेकांचे म्हणणे होते. ते आम्ही मानले नाही. तरवा, चिखलणी, लावणी हे भाताचे शब्द कोकणातल्या मुलाने डोळ्यांनी पाहिलेले असतात. आमच्या मुलांना ते पाठ करावे लागतील. ज्वारीचे तसे नाही. शाळेच्या कुंपणापलीकडेच ती उभी असते. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी इथे पिढ्यान्‌पिढ्या पेरली जाते आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. असे दारातले पीक असताना तक्त्यासाठी दुसरे पीक शोधायचे कारण नव्हते.

शब्द गोळा करायला लागल्यावर पहिली अडचण आली ती क्रमाची. कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेत ज्वारीची वाढ दिवसांत मोजलेली असते. पेरल्यापासून २८ ते ३० दिवसांनी गर्भावस्था, ५० ते ५५ दिवसांनी पोटरी, ७० ते ७५ दिवसांनी फुलोरा, ९० ते ९५ दिवसांनी दाणे भरणे. संरक्षित पाणी द्यायच्या या चार वेळा. पुढे जातीप्रमाणे ११५ ते १२५ दिवसांत काढणी. हे आकडे अनुभवाने ठरलेले आहेत आणि ते उपयोगी आहेत. पण रानात उभ्या माणसाला ‘ज्वारी कुठवर आली’ असे विचारले, तर तो कधीही दिवस सांगत नाही. ‘गुडघ्याला आली’, ‘पोटऱ्यात हाय’, ‘निम्मी निसवली’, ‘चिक धरलाय’ असे सांगतो. त्या उत्तरात दोन गोष्टी असतात. झाडावर आत्ता काय दिसते आहे ही एक, आणि त्यामुळे आता कोणते काम अंगावर आले आहे ही दुसरी. दिवस त्यात नसतात, कारण एकाच दिवशी पेरलेल्या दोन रानांत ज्वारी सारखी वाढत नाही. भारी रानात ओल टिकते, हलक्या रानात पीक ताण खाते. खुणेचा शब्द दोन्ही रानांना खरा राहतो. म्हणून तक्त्याची मांडणी आम्ही खुणेवर केली. पहिल्या रकान्यात खूण, दुसऱ्यात शब्द, तिसऱ्यात काम. दिवस आणि महिना कडेला बारीक अक्षरात.

कडेचा तो बारीक रकाना कसा भरला ते एका रानाच्या उदाहरणाने सांगतो. समजा, हस्त नक्षत्रात १ ऑक्टोबरला पेर झाली. मग पोटरी २० ते २५ नोव्हेंबरच्या सुमाराला पडते, फुलोरा १० ते १५ डिसेंबरला, दाणे भरणे वर्षअखेरीपासून ४ जानेवारीपर्यंत, आणि काढणी २४ जानेवारी ते ३ फेब्रुवारीच्या दरम्यान. दुसरी कोळपणी पाचव्या आठवड्यात, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसांत येते. तेव्हा बहुधा दिवाळीची सुट्टी असते, म्हणून तो शब्द मुलांनी घरीच टिपायचा. बाकीच्या बहुतेक खुणा शाळा भरलेली असतानाच पाहता येतात. ज्वारीचा तक्ता शाळेला सोयीचा आहे तो यामुळेही.

पहिला शब्द पेरणीच्याही आधीचा ठेवला आहे : घात. पाऊस पडून गेल्यावर काळी जमीन काही दिवस चिखलच असते. त्यात पाभर घातली तर माती फणाला चिकटून बसते आणि बी नीट पडत नाही. फार वाळू दिली तर वरचा थर कडक होतो, बियाला ओल मिळत नाही. या दोहोंमधले जे मोजके दिवस, ती घात. पुस्तकात वापसा म्हणतात, गावातही म्हणतात, पण ‘घात आली’ आणि ‘घात गेली’ हे इथे जास्त ऐकू येते. मुलांना तिची परीक्षा करून पाहता येते. चार बोटे खालची माती मुठीत दाबायची, गोळा करायचा आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचा. गोळा तसाच राहिला किंवा चपटा झाला तर घात यायची आहे. पडून फुटला, भुगा झाला तर आली. मुठीत गोळाच होईना तर गेली. तक्त्यावर या तिन्ही गोळ्यांची चित्रे मुलांनी काढली आहेत.

पेरणीच्या ओळीत अवजारांचे शब्द भरपूर मिळाले. पाभर, तिफण, चाडे, नळे, फण. चाड्यावर मूठ धरणारा माणूस बी किती सुटते ते बोटांनी ठरवतो. एकरी साधारण ४ किलो बी, दोन ओळींत दीड फूट अंतर. आता ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रात हे काम चाकावर चालते आणि चाडे पाहिलेली मुले थोडी आहेत. तरीही अवजारांची नावे मुख्य तक्त्यात न घेता खाली वेगळी दिली आहेत. तक्ता पिकाच्या वाढीचा आहे. अवजारे त्यात शिरली की वाढ बाजूला पडते.

उगवणीनंतरच्या महिन्यात आमच्या मते सर्वांत कामाचा शब्द पोंगा. ज्वारीची कोवळी पाने एकात एक गुंडाळून मधोमध जी सुरळी होते, तो पोंगा. नवे पान त्यातूनच वर येते. मुलांनी तो आवर्जून पाहावा, कारण पिकाचे पहिले मोठे दुखणे तिथेच दिसते. खोडमाशीची अळी आत शिरली की बाजूची पाने हिरवी राहतात आणि पोंगा तेवढा सुकतो. याला पोंगामर म्हणतात. सुकलेला पोंगा चिमटीत धरून ओढला तर सहज उपटून येतो आणि त्याच्या बुडाला कुजका वास येतो. पाण्यावाचून सुकलेल्या झाडाचा पोंगा असा हातात येत नाही. १५ सप्टेंबरच्या आत पेरलेल्या ज्वारीत खोडमाशी जास्त दिसते, आणि पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान करावी असे सांगतात त्याचे हेही एक कारण आहे. याच काळातले दोन छोटे शब्द म्हणजे विरळणी आणि नांग्या भरणे. दाट उगवलेली रोपे उपटून कमी करायची ती विरळणी. जिथे उगवलेच नाही ती जागा म्हणजे नांगी. उगवणीनंतर दहा-बारा दिवसांत ही कामे उरकतात.

कोळपणीला तक्त्यावर सर्वांत जास्त जागा दिली आहे. कोळपणी म्हणजे तण काढणे, एवढेच बहुतेक मुलांना माहीत होते. प्रत्यक्षात रब्बी ज्वारीत तीन कोळपण्या असतात, तिन्हींची कोळपी वेगळी आणि तिन्हींची कामेही वेगळी. पहिली तिसऱ्या आठवड्यात, फटीच्या कोळप्याने. रोप अजून कोवळे असते. पात्याला मधोमध फट ठेवलेली असल्याने कोवळी ओळ सुखरूप निघते आणि तण तेवढे कापले जाते. दुसरी पाचव्या आठवड्यात, पासेच्या कोळप्याने. सरळ पास दोन ओळींमधली माती वरच्यावर हलवते आणि मोकळ्या मातीचा थर ओल धरून ठेवतो. तिसरी आठव्या आठवड्यात, दातेरी कोळप्याने. तोवर पाऊस थांबलेला असतो, काळी जमीन आकसते आणि तिला भेगा पडतात. भेगांवाटे खालची ओल उडते आणि मुळ्याही तुटतात. दातेरी कोळपे माती ढिली करून त्या भेगा बुजवते. जमिनीतल्या साठलेल्या ओलीवर पोसले जाणारे हे पीक, म्हणून ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ असे म्हणतात. ही म्हण तक्त्यावर मोठ्या अक्षरात लिहिली आहे आणि तिच्याखाली भेगाळलेल्या रानाचे चित्र आहे. म्हणीतले अर्धे पाणी कुठून येते, हे चित्र पाहिल्यावर मुलांना सांगावे लागत नाही.

यानंतर तक्त्यावर एक रिकामी चौकट आहे. शब्दाच्या जागी काहीच लिहिलेले नाही. ती जाणूनबुजून रिकामी ठेवली आहे. पुस्तकातली गर्भावस्था ती हीच. २८ ते ३० दिवसांच्या सुमाराला बुंध्यातला वाढीचा कोंब पाने तयार करणे थांबवतो आणि कणसाची तयारी सुरू करतो. कणीस किती मोठे होणार, हे इथून ठरू लागते, म्हणून या वेळच्या ओलीला किंमत. पण बाहेरून काहीच दिसत नाही. झाड कालच्यासारखेच असते. ज्याला खूण नाही त्याला रानात शब्दही नाही. आम्ही वेगवेगळ्या प्रकारे विचारून पाहिले, उत्तर आले नाही, आणि ते येणार नव्हतेच. अशा ठिकाणी संग्रह करणाऱ्याला मोठा मोह होतो. पुस्तकातला शब्द गावाच्या तोंडी घालावा, किंवा जवळचा एखादा शब्द ताणून बसवावा. तसे केले की सगळा तक्ता खोटा होतो. म्हणून चौकट रिकामी, आणि खाली निळ्या शाईत पुस्तकातला शब्द. निळी शाई म्हणजे पुस्तकातून आलेले, काळी म्हणजे गावातून मिळालेले, हा नियम सगळ्या तक्त्याला आहे. शिक्षकांनी या दिवसांत एक झाड उपटून, बुंधा धारदार पात्याने उभा चिरून मुलांना आतला कोंब दाखवावा.

अमेरिकेतल्या व्हँडरलिप आणि रीव्हज या संशोधकांनी १९७२ साली ज्वारीच्या वाढीच्या शून्य ते नऊ अशा पायऱ्या मांडल्या. जगभरचे ज्वारीचे अभ्यासक त्या वापरतात. कणसाच्या तयारीची पायरी त्यांच्याकडे तिसरी आहे. आमचे शब्द आम्ही त्या पायऱ्यांशेजारी ठेवून पाहिले. पाचवी पायरी म्हणजे पोटरी, सातवी हुरडा, आठवी निबर दाणा. कणीस पोटात आल्यापासून गावाचे शब्द आणि त्यांच्या पायऱ्या जवळजवळ खांद्याला खांदा लावून चालतात. त्याआधीच्या पायऱ्या ते पाने मोजून ठरवतात, आपल्याकडे मात्र त्या काळाला कोळपणीची आणि खुरपणीची नावे आहेत. झाड लहान आहे तोवर शब्द कामाचे, झाड भरायला लागले की शब्द झाडाचे. हे मला या संग्रहातून कळलेले सर्वांत मोठे सत्य वाटते.

पोटरी ओळखायला डोळ्यांपेक्षा बोटे बरी. वरच्या शेवटच्या पानाच्या बुडाशी, देठाभोवती गुंडाळलेल्या भागात, आत कणीस फुगायला लागते. वर पाहिले तर कणीस कुठेच नसते, पण बोटांना फुगवटा लागतो. शेतात खुरपणाऱ्या एका मावशींनी मुलांना सांगितले, “नुसतं बघून न्हाई कळायचं रं, हात लाव. पोट धरलंय का बघ.” तेच वाक्य आम्ही खुणेच्या रकान्यात घेतले. पोटरीतून कणसाचा शेंडा बाहेर आला की ज्वारी निसवली. सगळे रान एका दिवशी निसवत नाही, म्हणून ‘निसवायला लागली’, ‘निम्मी निसवली’, ‘सारी निसवली’ अशी पायरी पायरी सांगतात. पोटरीच्या वेळी फार ताण बसला तर कणीस पूर्ण बाहेरच पडत नाही, बूड पोटरीतच राहते आणि तिथले दाणे भरत नाहीत. याला ‘पोटऱ्यातच अडकली’ म्हणतात. दुष्काळी भागातल्या तक्त्यात हा शब्द नसेल तर तक्ता अपुरा राहील.

फुलोरा थोडक्यात. कणसाच्या शेंड्यापासून सुरू होऊन तो खाली बुडाकडे काही दिवसांत उतरतो. सकाळी लवकर गेले तर पिवळे पराग दिसतात.

चिक, हुरडा आणि निबर या तीन शब्दांवर मात्र थांबायला हवे, कारण मुलांच्या वह्यांत सर्वांत जास्त गोंधळ इथेच झाला. चिक आणि हुरडा बऱ्याच जणांनी एकच धरले होते. दाणा चिमटीत दाबल्यावर पांढरे दुधासारखे पाणी उडाले तर ज्वारी चिकात आहे. तेव्हा पाखरे तुटून पडतात. राखण सुरू होते, माळा उभा राहतो, गोफण निघते. पुढे दाणा दाबला असता पाणी उडत नाही, आतला ऐवज मऊ आणि गोडसर लागतो, दाणा अजून हिरवट असतो. हा हुरडा. कणसे आगटीत भाजून, गरम असतानाच तळहातावर चोळून दाणे काढायचे दिवस हेच, पौषाच्या मागेपुढे. गूळभेंडीसारख्या खास हुरड्याच्या जातीही त्यासाठी राखून पेरतात. हे दिवस थोडेच टिकतात. नखाने दाणा चिरायला जोर लागू लागला की हुरडा निबर झाला, मग तो भाजून गोड लागत नाही. तिन्ही परीक्षा चिमटीच्या आणि नखाच्या आहेत. मुलांनी एकाच कणसाचे दाणे दर तीन दिवसांनी दाबून पाहिले तेव्हा तिन्ही शब्द त्यांच्या वहीत आपापल्या जागी बसले.

पक्व दाण्याची पुस्तकी खूण म्हणजे दाण्याच्या बुडाशी दिसणारा काळा ठिपका. गावात दाणा दाताखाली फोडून पाहतात. दोन्ही खुणा शेजारी शेजारी दिल्या आहेत. काढणीला या भागात ज्वारी बहुधा मुळासकट उपटतात, पायावर आपटून माती झाडतात आणि पेंढ्या बांधतात. कडबा लांब आणि पुरा मिळावा म्हणून उपटायची. जनावरांच्या दृष्टीने ज्वारीचे हे दुसरे पीकच आहे. नगर-नाशिककडे विळ्याने कापतात आणि त्याला सोंगणी म्हणतात. इथे सोंगणी म्हटलेले समजते, पण कोणी म्हणत नाही. पेंढी बांधली की आमचा तक्ता संपतो. खळे, तिवडा, मळणी, वावडीवरून उफणणे, रास, सरवा हे शब्दही पुष्कळ जमले आहेत, पण ते रानाबाहेरचे. त्यांचा तक्ता वेगळा व्हायला हवा आणि तो लवकर व्हायला हवा, कारण मळणीयंत्र आल्यापासून तिवडा पाहिलेले लोकच कमी होत चालले आहेत.

आता शब्द विचारायचे कसे, याबद्दल. शाळेत पालकांना बोलावून ‘फुलोऱ्याला तुमच्याकडे काय म्हणतात’ असे विचारले की ‘फुलोराच म्हणतात’ असे उत्तर मिळते. शाळेत शाळेचे शब्द बोलावेत, असे लोकांना वाटते. शिवाय प्रश्नातच उत्तर दिलेले असते. म्हणून विचारणे रानात व्हावे, ती अवस्था प्रत्यक्ष समोर असताना व्हावे, आणि विचारताना शब्द न उच्चारता झाड दाखवावे. ‘हे असं झालं की काय म्हणता?’ त्याहून चांगला प्रश्न म्हणजे ‘आता कसली घाई चालू आहे?’ त्याच्या उत्तरात शब्द आपोआप येतो. विचारायचे ते काम जो करतो त्याला. खुरपणी आणि विरळणी बायकांच्या हातची, तिथले शब्द आजी, काकू, मावशी यांना विचारावेत. पेरणीचे पाभर धरणाऱ्या आजोबांना, आप्पांना, तात्यांना. शब्द सुटा न लिहिता वाक्यासकट लिहावा, कारण गावात ही नावे बहुधा क्रियापदातून येतात. पिकाला कोण काय म्हणतो त्यावर वाक्य बदलते. ‘जवारी निसवली’, पण ‘शाळू निसवला’. दोन्ही तशीच ठेवली आहेत.

जवळच्या गावांतले शब्द वेगळे निघाले तेव्हा काय करायचे, यावर शिक्षकांत मतभेद झाले. खुरपणीलाच कोल्हापूर-सांगलीकडे भांगलण म्हणतात, खानदेश-विदर्भात निंदणी किंवा निंदण, कोकणात भाताच्या शेतात बेणणी. या सगळ्यांना एका ओळीत बसवले तर मुलाला आपल्या घरचा शब्द त्यांत शोधावा लागतो. म्हणून मोठ्या अक्षरात फक्त आपल्या गावचा शब्द. लग्न होऊन आलेल्या आयांनी माहेरचे जे शब्द सांगितले ते खाली, गावाच्या नावासह. डाळिंबाच्या बागांमुळे ‘फ्लॉवरिंग’, ‘सेटिंग’ हे शब्द आता ज्वारीच्या बोलण्यातही येऊ लागले आहेत. तेही नोंदले आहेत, कारण लोक ते बोलतात. पण ते तळाला आहेत. ‘फ्लॉवरिंग’ म्हणणाऱ्याला निसवा आणि फुलोरा यांतला फरक वेगळा सांगावा लागतो, आणि तो फरक गावाने आधीच करून ठेवलेला आहे.

शिक्षकांना एक विनंती. हा तक्ता नुसता टांगून ठेवू नका. पेरणी झाली की शाळेजवळच्या रानातले बांधालगतचे एक झाड मालकाला विचारून ठरवा, त्याला रंगीत दोरा बांधा आणि दर आठवड्याला तेच झाड मुलांना दाखवा. झाड ज्या चौकटीपर्यंत आले असेल तिथे टाचणी सरकवा आणि शेजारी तारीख लिहा. पुढच्या वर्षी त्या तारखा यंदाच्या तारखांशेजारी ठेवल्या की पावसाने काय फरक पडला ते मुलांना दिसेल. उजवीकडचा शेवटचा रकाना कोरा आहे. तुमच्या गावात वेगळा शब्द मिळाला तर तो सांगणाऱ्याच्या वाक्यासह आणि तारखेसह तिथे लिहा. पेन्सिलीनेच लिहा, आणि दुसऱ्या एखाद्या घरीही तोच शब्द ऐकू आल्यावर त्यावर शाई फिरवा.